शाळेत शी दाबून ठेवली की बद्धकोष्ठ का वाढतं?

प्रश्न: मुलगी ८ वर्षांची, इंदूरला शाळेत टॉयलेटला जातच नाही, घरी येईपर्यंत दाबून ठेवते. त्याने बद्धकोष्ठ वाढतं का?

उत्तर: हो, वाढतं, कारण दाबलेली शी आतच थांबते आणि आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, मग संध्याकाळपर्यंत ती कडक आणि जाड होते. ती काढताना दुखतं, दुखलं की पोर दुसऱ्या दिवशी अजूनच दाबते. असं महिनोन् महिने चाललं की गुदाशय ताणून सैल पडतो आणि थोडी शी साठली तरी घाई लागतच नाही, खूप साठल्यावरच कळतं. मी लहान मुलांच्या ओपीडीत नर्स आहे, तिथे आया सांगतात "जुलाब होताहेत, चड्डी खराब होते", आणि तपासलं तर आत कडक गोळा अडकलेला आणि पातळ शी त्याच्या बाजूने झिरपत असते, अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

सकाळी पोहे खाल्ले की आतडं आपोआप हलतं, म्हणून नाश्त्यानंतर अर्ध्या तासात ५-१० मिनिटं बसवा, कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. एखाद्या दिवशी दाबल्याने काही होत नाही, रोजची सवय त्रास देते.