मूक संगनमत तेजीत का फुटतं

प्रश्न: "टॅसिट कोल्युजनला साटंलोटं म्हटलं तर चालेल का? आणि ते धंदा जोरात असतानाच फुटतं असं वाचलं, ते कसं काय?"

'मूक संगनमत' म्हणा. साटंलोटं म्हटलं की आधी बोलणी झाली असं वाटतं, इथे स्पर्धक कंपन्यांपैकी कोणी कोणाला फोनसुद्धा करत नाही, तरी सगळ्या भाव चढा ठेवतात, कारण प्रत्येकीला माहीत असतं की आज मी भाव पाडला तर उद्यापासून समोरचाही पाडणार आणि दोघांचाही नफा जाणार.

म्हणजे ही सगळी गाडी उद्याच्या भीतीवर चालते. रोटेम्बर्ग आणि सलोनर या दोघा अर्थतज्ज्ञांनी 1986 मध्ये हेच मांडलं. समजा दोन कंपन्या आहेत, भाव वर ठेवला तर मंदीच्या सीझनला प्रत्येकी 50 लाख सुटतात, तेजीत 100 लाख, आणि पुढचा सीझन कसा जाईल ते नाणेफेकीसारखं, म्हणजे सरासरी 75. पुढच्या सगळ्या सीझनची आजच्या मोलाने किंमत या सरासरीच्या 1.2 पट धरू, म्हणजे 90 लाख. भाव जरासा पाडला की सगळं गिऱ्हाईक आपल्याकडे येतं, त्यामुळे मंदीत वरकड 50 मिळतात पण 90 जातात, कोण करेल असं? तेजीत मात्र वरकड 100 मिळतात आणि जातात तेच 90, कारण उद्याची शिक्षा आजच्या तेजीने वाढत नाही! मोह वाढतो, धाक तेवढाच राहतो.

पण म्हणून लगेच भांडणं होतात असं नाही, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. कंपन्या तेजीत भाव थोडा खालीच ठेवतात, इतका की प्रत्येकी 100 ऐवजी 75 सुटतील. मग नवी सरासरी 62.5, तिच्या 1.2 पट बरोबर 75, म्हणजे मोह आणि धाक समसमान, संगनमत टिकतं. मागणी वाढली तरी मार्जिन घटलेलं दिसतं ते असं.

हे कुठे लागू पडत नाही तेही बघा. आजची तेजी पुढेही टिकणार असेल तर उद्याचं नुकसानही मोठं, मग धाकही वाढतो, खरा धोका तेजी ओसरायला लागते तेव्हा. आणि कारखाना आधीच फुल चालत असेल तर भाव पाडून वाढीव माल देणार कुठून?

अमेरिकेतल्या मोटारींचं 1955 साल याला पुरावा म्हणून देतात, त्या वर्षी 1954 आणि 1956 पेक्षा साधारण 45 टक्के जास्त गाड्या बनल्या, आणि अर्थतज्ज्ञ ब्रेस्नहानच्या अभ्यासात आजूबाजूची दोन्ही वर्षं संगनमताची तर मधलं स्पर्धेचं निघालं. फक्त यात गोम अशी की भाव पडले म्हणूनच गाड्या जास्त खपल्या असंही असू शकतं, ब्रेस्नहानचा रोख तिकडेच आहे, त्यामुळे एवढ्या एका वर्षावरून 'तेजीमुळे फुटलं' असं मी तरी छातीठोक सांगणार नाही.