सपाट जमिनीवर पात्र अडखळतं, आणि छोट्या नमुन्यात बग गायब होतो

प्रश्न: मी टाइल्सचा एक गेम लिहितोय, टक्करींचा कोड स्वतःचाच आहे. सपाट जमिनीवर चालताना पात्र कधीकधी मधेच थांबतं, समोर काहीही नसताना. कोड खूप मोठा आहे, सगळा कुणाला दाखवता येत नाही. छोटा नमुना बनवायला गेलो तर बग येतच नाही. कसं शोधू?

उत्तर:

हाच बग मी एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आठवडाभर शोधला होता. साधारण वीस हजार ओळींचा कोड होता. शेवटी जो नमुना उरला तो तीस ओळींचाही नाही. तुमचं कारण अगदी हेच असेल असं कोड न पाहता म्हणता येणार नाही, पण लक्षणं इतकी जुळतात की मी काय काढलं, काय ठेवलं आणि कुठे चुकलो ते सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी बग डोळ्यांनी बघणं सोडा आणि तो कोडला ओळखायला लावा. मी एक अट लिहिली: उजवीकडचं बटण दाबलेलं आहे, समोरच्या रांगेत भिंत नाही, तरी आडवा वेग `vx` शून्य झाला, तर पाऊल क्रमांक छापून थांब. मग एका खेळातली बटणं पावलागणिक फाइलमध्ये नोंदवली आणि तीच पुन्हा पुन्हा चालवली. माझ्याकडे फिजिक्सचं पाऊल १/६० सेकंदाचं, ठरावीकच होतं. तुमचं पाऊल फ्रेमच्या वेळेप्रमाणे बदलत असेल तर आधी ते ठरावीक करा, नाहीतर प्रत्येक धाव वेगळी निघेल.

त्यानंतर छाटणी. आवाज, कॅमेरा, शत्रू, अॅनिमेशन एकेक करून काढलं. दर वेळी तीच नोंद चालवायची, बग अजून येतोय का बघायचं, येत असेल तर तिथेच कमिट करायचं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सरळ आहे. दोन दिवसांत चारशे ओळी उरल्या.

पुढे मी घाई केली. उरलेला कोड छाटत बसण्याऐवजी टक्करीचं फंक्शन उचललं आणि कोऱ्या फाइलमध्ये सगळं नव्याने मांडलं: एका ओळीत बारा टाइल्स, त्यांच्यावर एक चौकोन, वेग सेकंदाला ६० पिक्सेल. बग गायब. मी वैतागून सगळं पुसलं आणि पुन्हा मोठ्या कोडकडे गेलो. ती चूक होती. चारशे ओळींत बग येतो आणि या तीस ओळींत येत नाही, म्हणजे कारण या दोघांमधल्या फरकात बसलेलं आहे. फरकांची यादी केली तर ती जेमतेम सहा-सात ओळींची झाली.

त्यातले दोन फरक महत्त्वाचे निघाले. पहिला वेगाचा. मोठ्या गेममध्ये पात्राला धावण्याचे बूट मिळायचे आणि वेग १० टक्के वाढायचा, म्हणजे ६६. बुटांचा टक्करीशी काय संबंध, म्हणून नव्या फाइलमध्ये ते मी घेतलेच नव्हते. दुसरा टाइल्सच्या क्रमाचा. माझ्या छोट्या फाइलमध्ये त्या डावीकडून उजवीकडे तयार होत होत्या. गेममध्ये मात्र लेव्हलच्या फाइलमधून येत होत्या, आणि ती फाइल एडिटरमध्ये ज्या क्रमाने टाइल्स ठेवल्या त्याच क्रमाने जतन व्हायची. ही लेव्हल ज्याने रचली त्याने जमीन उजवीकडून डावीकडे ओढली होती. काही लेव्हल्समध्येच पात्र का अडखळतं, हे कोडं तिथे सुटलं.

दोन्ही गोष्टी परत घातल्या आणि बग हजर झाला. हा तो नमुना, पायथनमध्ये, कुठलीही लायब्ररी न लागता चालणारा. `y` खालच्या दिशेने वाढतो आणि जमिनीचा पृष्ठभाग शून्यावर आहे.

```python
TILE = 16
tiles = [i * TILE for i in range(12)]
tiles.reverse()

dt = 1 / 60
x, y, w, h = 0.0, -12.0, 12, 12
vx, vy = 66.0, 0.0

for n in range(1, 101):
    vy += 900 * dt
    x += vx * dt
    y += vy * dt
    for tx in tiles:
        ox = min(x + w, tx + TILE) - max(x, tx)
        oy = min(y + h, TILE) - max(y, 0)
        if ox <= 0 or oy <= 0:
            continue
        if ox < oy:
            push = -ox if x < tx else ox
            x += push
            if push * vx < 0:
                vx = 0
        else:
            y -= oy
            vy = 0
    if vx == 0:
        print(n, round(x, 2))
        break
```

घर्षण नाही, भिंत नाही. म्हणून `vx` शंभर पावलं ६६ च राहायला हवा आणि काहीही छापलं जाऊ नये. प्रत्यक्षात `62 68.0` छापलं जातं: बासष्टाव्या पावलाला चौकोन जागीच थांबतो.

आता कारण. टक्करीचा हा नियम सगळीकडे दिसतो: दोन चौकोन एकमेकांत घुसले की जिथे शिरकाव कमी, त्या दिशेने बाहेर ढकला. एका टाइलसाठी नियम बरोबरच आहे. पण जमिनीवर उभा चौकोन गुरुत्वामुळे दर पावलाला जमिनीत थोडा उतरतो. पहिल्या पावलाला `vy` १५ होतो, त्याला १/६० ने गुणलं की ०.२५ पिक्सेल. हा उभा शिरकाव. लगेच वर ढकललं जातं, `vy` शून्य होतो, आणि पुढच्या पावलाला पुन्हा तितकाच शिरकाव.

त्याच वेळी चौकोनाची पुढची कड दर पावलाला १.१ पिक्सेल सरकते. ती नव्या टाइलवर पहिल्यांदा येते तेव्हा आडवा शिरकाव ० ते १.१ च्या मधे कुठेतरी असतो. तो ०.२५ पेक्षा कमी भरला तर नियमाच्या दृष्टीने चौकोन जमिनीवर उभा नसून भिंतीला धडकलाय. नियम त्याला मागे ढकलतो आणि वेग शून्य करतो. ज्या भिंतीला तो धडकला ती म्हणजे टाइलची डावी बाजू, जी शेजारच्या टाइलला पूर्ण चिकटलेली आहे आणि कुणाला कधी लागायलाच नको होती.

हाताने हिशोब करून बघा. पुढची कड १२ पासून निघते. सोळाच्या सांध्यावर पहिला आडवा शिरकाव ०.४ येतो, बत्तीसवर ०.९, अठ्ठेचाळीसवर ०.३, चौसष्टवर ०.८. चारही ०.२५ च्या वर, म्हणून चार सांधे सुखरूप पार होतात. ऐंशीवर शिरकाव ०.२ येतो आणि खेळ थांबतो. बाहेरून बघणाऱ्याला हे निव्वळ यादृच्छिक वाटतं, पण यात यादृच्छिक काहीच नाही.

वेग ६० असताना बग का लपला तेही इथेच कळतं. तेव्हा पाऊल बरोबर एक पिक्सेलचं होतं, आडवा शिरकाव शून्यावरून थेट १ वर जायचा आणि शून्य ते ०.२५ ही पट्टी कधी लागायचीच नाही. तेव्हापासून मी नमुन्यात ६०, १०० असे गोल आकडे घालत नाही. मोठ्या प्रोजेक्टमध्ये बगच्या क्षणी जे आकडे छापले गेले तेच जसेच्या तसे उचलतो.

क्रमाचं असं आहे: ज्या टाइलवर चौकोन आधीपासून उभा आहे ती आधी तपासली गेली, तर तिच्यामुळे तो वर उचलला जातो. मग पुढच्या टाइलशी उभा शिरकाव शून्य, टक्करच नाही. `tiles.reverse()` ही ओळ काढून चालवा, काहीही छापलं जाणार नाही. मात्र तेवढ्यावर बग सुटला असं समजू नका, तो फक्त डावीकडे चालणाऱ्याच्या वाट्याला गेलेला असतो. म्हणून तुमच्या गेममध्ये पात्र एकाच दिशेने जाताना अडखळतं का, हे आधी बघा. तसं असेल तर माझा संशय बळावेल.

कारण खरं आहे की नुसतं पटण्यासारखं आहे, हे तपासायची माझी रीत म्हणजे त्यातून एक नवं भाकीत काढणं आणि ते चालवून बघणं. सांध्यावर अडकण्याची शक्यता म्हणजे उभा शिरकाव भागिले आडवं पाऊल, म्हणजेच `g*dt/vx`. इथे ती १५ भागिले ६६, साधारण ०.२३. पाऊल १/३० सेकंदाचं केलं तर ती दुप्पट व्हायला हवी. नमुन्यात `dt = 1 / 30` केलं की उभा शिरकाव १ होतो, आडवं पाऊल २.२, आणि चौकोन पहिल्याच सांध्यावर, दुसऱ्या पावलाला थांबतो. छापलं जातं `2 4.0`. तसंच पात्र जितकं हळू चालेल तितकं जास्त अडखळायला हवं. हे तुम्हाला कोड न उघडता, नुसतं खेळूनही ताडून बघता येईल.

दुरुस्तीबद्दल. पहिल्यांदा मी `if ox < oy and oy > 1` असं लिहून पाहिलं. चालताना बरं झालं, पण उंचावरून पडून धावत उतरलं की पुन्हा अडकायचं, कारण ३०० च्या वेगाने पडताना एका पावलात ५ पिक्सेलपर्यंत शिरकाव होतो आणि १ ची सूट तिथे अपुरी पडते. टिकली ती दुसरी दुरुस्ती: दोन अक्ष वेगळे करणं. आधी फक्त `x` हलवा आणि फक्त आडव्या टक्करी सोडवा. त्या वेळी `y` अजून आधीच्या पावलाचा, जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे जमिनीच्या टाइल्सशी शिरकाव शून्यच राहतो. मग `y` हलवा आणि फक्त उभ्या टक्करी सोडवा. असं केलं की कोणत्या दिशेने शिरकाव कमी हा प्रश्नच विचारावा लागत नाही, आणि जमिनीवर क्रमही कसाही चालतो.

उतार असलेल्या टाइल्स असतील तर हे पुरत नाही, कारण उतारावर आडवं आणि उभं वेगळं काढता येत नाही. तिथे लागून असलेल्या टाइल्सची मिळून एकच सलग कड बनवावी लागते, आणि टाइल फुटली की ती कड पुन्हा बांधावी लागते. बॉक्सटूडीसारख्या तयार इंजिनातही चौकोन एकाला एक लावून जमीन केली की असाच त्रास होतो. त्यांच्या माहितीपुस्तिकेत त्याला भुताटकीची टक्कर अशा अर्थाचं नाव आहे आणि त्यावर साखळीसारखा जोडलेला आकार दिलेला आहे.

तुमच्या चारशे किंवा चार हजार ओळींतून बगचं पाऊल सुरू होतानाचे `x`, `y`, `vx`, `vy`, `dt` आणि त्या पावलाला टाइल्स कोणत्या क्रमाने तपासल्या गेल्या, एवढं छापून घ्या. ते वरच्या फाइलमध्ये घालून चालवा. थांबलं तर कारण हेच. नाही थांबलं तर तेच आकडे इथे टाका, मी हिशोब करून बघतो.