लहान मुलाच्या औषधाचं प्रिस्क्रिप्शन लिहिताना नेमकं कुठे चुकतं?

«बेळगावात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रिस्क्रिप्शनचे भाग पाठ आहेत, पण लिहायला बसलं की काहीतरी राहतंच. कोणती संक्षिप्त रूपं टाळायची, आणि चुका नेमक्या कुठे होतात?»

तापाने आलेलं 12 किलोचं मूल घेऊ. नुसतं वय लिहू नका, आजच वजन करून तारखेसोबत लिहा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम धरलं तर एका वेळचा डोस 180 मिलिग्रॅम होतो. इथपर्यंत सगळे विद्यार्थी बरोबर असतात. चूक होते ती पुढच्या ओळीत. बरेच जण लिहितात, "सिरप पॅरासिटामॉल, 7 मिलि, क्यूआयडी."

या ओळीत सिरपची ताकद कुठे आहे? लिहिणाऱ्याच्या मनात 5 मिलित 125 मिलिग्रॅमची बाटली होती, त्या हिशेबाने 7 मिलि बरोबरच. पण दुकानात 5 मिलित 250 मिलिग्रॅमचीही बाटली असते. ती दिली गेली तर मुलाला एका वेळी 350 मिलिग्रॅम जातं. दिवसातून चारदा म्हणजे 1400, किलोमागे जवळजवळ 117. आपली मर्यादा होती 60. असं दोन-तीन दिवस चाललं तर यकृताला इजा होऊ शकते. आणि थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलितच 100 मिलिग्रॅम असतं.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. निपाणीचा पेशंट तुमचा कागद घेऊन कोल्हापुरात औषध घेतो, खानापूरचा गावातल्याच दुकानात. तुमचं अक्षर आणि तुमच्या सवयी ओळखणारा फार्मासिस्ट समोर असेलच असं नाही. म्हणून तो कागद एकट्याने पुरेसा असला पाहिजे.

मी ती ऑर्डर अशी लिहीन:

सिरप पॅरासिटामॉल, 5 मिलित 250 मिलिग्रॅम. 3.5 (साडेतीन) मिलि तोंडाने, ताप असेल तरच. दोन डोसांत किमान 6 तास. 24 तासांत जास्तीत जास्त 4 वेळा. 3 दिवस. एकूण 60 मिलिची 1 बाटली.

3.5 मिलित 175 मिलिग्रॅम येतं, 180 च्या पुरेसं जवळ. आकडा अक्षरातही लिहिला, कारण टिंब पुसट झालं की 3.5 चे 35 होतात. त्याच कारणाने पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य नको (1.0 चे 10 वाचले जातात) आणि अर्ध्याला टिंबाआधी शून्य हवंच, म्हणजे 0.5. एकूण किती द्यायचं हे विद्यार्थी हमखास विसरतात, पण औषध नियम 1945 प्रमाणे प्रिस्क्रिप्शनवर ते लागतं. पेशंटचं नाव-पत्ता, तारीख, सही आणि डोससुद्धा. औषधाचं जेनेरिक नाव आणि तुमचा नोंदणी क्रमांकही लिहायचा.

आता संक्षिप्त रूपं. "क्यूआयडी" आणि "क्यूडी" घाईच्या अक्षरात सारखी दिसतात: एक दिवसातून चारदा, दुसरं एकदाच. "ओडी" चा अर्थ डोळ्यांच्या विभागात उजवा डोळा असा होतो. "एसओएस" लिहून सोडलं तर कशासाठी आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे कळत नाही. इन्सुलिनला युनिटसाठी नुसतं इंग्रजी "यू" कधीच नको, 10 पुढचा "यू" शून्यासारखा दिसून 100 होतात. ग्रीक "म्यू" चा "एम" वाचला की मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम होतं, म्हणजे हजारपट. मोठ्यांच्या गोळ्यांना आपल्याकडचं 1-0-1 चालतं, लोकांना ते कळतं. पण गरजेपुरत्या औषधाला ते वापरू नका, नाहीतर ताप नसतानाही डोस जात राहतात.

मग आई विचारते, "किती चमचे घालू ओ डॉक्टर?" चमचा हा शब्द कागदावरही नको आणि तोंडातही नको. घरातले चमचे लहान-मोठे असतात. मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज घेऊन साडेतीनची रेघ बोटाने दाखवा, आणि तिला एकदा भरून दाखवायला सांगा. याला मिनिटभर लागतो, आणि माझ्या मते सही करण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे. त्याच वेळी विचारा, "घरात सर्दीचं कुठलं सिरप चालू आहे काय?" सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतंच. बाटली आणली असेल तर लेबल स्वतः वाचा, आणि असल्यास "सर्दीचं सिरप बंद" ही ओळ कागदावरच लिहा.

लिहून झाल्यावर आकडा बदलावा लागला तर त्यावरच गिरवू नका. 3 चा 8 दिसायला तेवढंच पुरतं. पूर्ण ओळ काटून खाली नवी लिहा, काटलेल्या ओळीशेजारी सही करा आणि शेवटच्या औषधाखालच्या रिकाम्या जागेत तिरकी रेघ ओढा.