जुनं जॅकेट घ्यायचं तर आधी उलटं करा

"हिवाळ्याआधी बायको-मुलाला घेऊन परदेशी जातोय. तिथे सेकंड-हँड जॅकेटं घेतली तर चालतील का? काय बघून घ्यावं?"

व्हिसा, विमा यांची माहिती सरकारी साइटवर मिळेलच. जॅकेटचा विषय मात्र मला अजून टोचतो, म्हणून लिहितेय.

चालतील, पण बाहेरचा रंग बघून भुलू नका. जॅकेट उलटं करून कॉलर, टोपी आणि खांदे उजेडात धरा. पाणी अडवणारा पातळ थर तिथेच आधी जातो, कारण मानेचा घाम आणि तेल तिथे मुरतं आणि बॅगेचे पट्टे तिथेच घासतात. नखाने हळूच खरवडा. पांढरट पापुद्रे निघाले, हाताला चिकट लागलं किंवा आंबूस वास आला, तर ठेवून द्या. बाहेरून कापडाला फुगे दिसत असतील तर थर आतून सुटलाय. तो पुन्हा नीट बसवता येत नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी.

शिवणींतून पाणी शिरू नये म्हणून आतून चिकटवलेल्या टेपचं तसं नाही. मुलीचं जॅकेट घेतलं तेव्हा थर शाबूत होता, फक्त काखेत, जिथे शिवणी एकमेकींना मिळतात, टेपची कड नखभर उचललेली होती. वर सुती कापड टाकून, इस्त्री अगदी मंद ठेवून थोडा वेळ दाबलं आणि गार होईपर्यंत हात काढला नाही. बसली. टेप कडक होऊन लांबच्या लांब सुटत असेल, तर मात्र त्या भानगडीत पडू नका.

त्याच जॅकेटवरून शाळेत बाईंनी तिला मधल्या सुट्टीत आत बसवलं. वर चिठ्ठी: "योग्य जॅकेट पाठवा." बाहेरचं कापड भिजून काळं पडलं होतं, एवढंच, आतला स्वेटर कोरडा होता. पाण्याचे थेंब घरंगळून जावेत म्हणून कापडावर जे फिनिश असतं, ते उतरलं की असं होतं. कापड भिजलं की घामही बाहेर पडत नाही, त्यामुळे आत दमट वाटतं, पण म्हणून जॅकेट गळत नसतं. धुऊन, ड्रायरमध्ये मंद आचेवर वाळवून थेंब पुन्हा घरंगळायला लागले. हे बाईंना सांगायला माझ्याकडे तेव्हा पुरेशी भाषा नव्हती, आणि ऐकून घेणारं दुसरं कोणीही नव्हतं. ती चिठ्ठी मी अजून फाडलेली नाही.

चेन पूर्ण लावा आणि दोन्ही बाजू आडव्या ताणा. मागे दात उघडले तर बहुतेक वेळा रनर झिजलेला असतो, तो बदलता येतो. दातच तुटले असतील तर पूर्ण चेन उसवावी लागते, आणि त्यात शेजारची टेपही जाते.

पिसांचं जॅकेट मुठीत घट्ट दाबून सोडा, ते फुगून वर यायला हवं. मग उजेडासमोर धरा. एखाद्या कप्प्यात गोळे आणि बाजूला नुसतं कापड दिसलं, तर तिथून थंडी शिरणार. धुऊन, ड्रायरमध्ये टेनिसचे दोन-तीन चेंडू टाकून वाळवलं तर गोळे बरेचदा सुटतात. सिंथेटिक भरण एकदा चपटं झालं की पुन्हा फुगत नाही. लहान मुलासाठी तसलं जॅकेट मी घेणार नाही.