धर्म बदलणाऱ्याची गोष्ट उलट्या क्रमाने सांगितली जाते

प्रश्न: लोक धर्म का बदलतात? पदवीच्या निबंधासाठी सामाजिक आणि वैयक्तिक अशी दोन्ही कारणं हवी आहेत.

सामाजिक कारणं डावीकडे आणि वैयक्तिक उजवीकडे असा तक्ता काढलात तर मार्क मिळतील, पण हाती काही लागणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीने धर्म बदललाय. कुठला सोडला आणि कुठला धरला ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तेवढ्यावरच जुंपेल.

ताई नोकरीसाठी अनोळखी शहरात गेली. दोन महिन्यांत कावीळ झाली. खोलीवर सोबत राहणाऱ्या मुलीच्या प्रार्थनामंडळातल्या बायका आळीपाळीने येऊन बसायच्या, रिपोर्ट आणायच्या, रात्री थांबायच्या. बरी झाल्यावर ताई त्यांच्यात जायला लागली, ती गप्पा मारायला. त्यांच्या श्रद्धेतल्या दोन-तीन गोष्टींवर ती तेव्हा फोनवर चक्क हसायची, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पुढे हसणं थांबलं, वाचन सुरू झालं आणि बऱ्याच काळाने विधिवत प्रवेश झाला. आज तिला विचारा, ती म्हणेल, "मी लहानपणापासून सत्य शोधत होते." खोटं बोलत नाही ती. तिला आता तसंच आठवतं.

तुमच्या निबंधाचा गाभा इथे आहे. जॉन लॉफलँड आणि रॉडनी स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एका छोट्या नव्या पंथात (कोरियातून आलेलं युनिफिकेशन चर्च, तेव्हा त्याला कोणी ओळखतही नव्हतं) माणसं कशी येतात ते जवळ राहून पाहिलं आणि 1965 मध्ये मांडलं. पंथाच्या प्रचारक बाईंनी आधी व्याख्यानं दिली, वर्तमानपत्रांना पत्रकं पाठवली. त्यातून फारसं कोणी आलं नाही. पहिल्या आल्या त्या ओळखीच्या झालेल्या शेजारच्या गृहिणी, मग त्यांचे नवरे, मग नवऱ्यांच्या कामावरचे मित्र. पुढे मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला गेली तेव्हा वाढ खुंटली, कारण तिथे ओळखीच नव्हत्या. शहरात नवीन आलेली, एकटी माणसं सापडू लागली तेव्हा गाडं पुढे सरकलं. मुद्दा असा की आतल्यांशी जिव्हाळा बाहेरच्यांपेक्षा जास्त झाला की माणूस आत जातो, आणि शिकवण पटणं बऱ्याचदा त्यानंतर येतं. स्टार्कने हेही नोंदवलं की हीच माणसं नंतर आपली कहाणी सांगताना शिकवणीला पहिलं स्थान देत, जरी सुरुवातीला ती त्यांना विचित्र वाटली होती.

वैयक्तिक कारण, म्हणजे आजार, मृत्यू, घटस्फोट, अपमान, हे खरंच असतं. पण अशी संकटं लाखोंवर येतात आणि बहुतेकजण आपल्याच धर्मात राहतात. संकटाने दार किलकिलं होतं. त्या वेळी दारात कोण उभं आहे, हा सामाजिक भाग.

आमचे काका मात्र "ब्रेनवॉश केलं, आमिष दाखवलं" यापलीकडे जात नाहीत. त्यांच्यासाठी एवढंच: ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी ब्रिटनमध्ये त्याच युनिफिकेशन चर्चच्या शिबिरांचा अभ्यास करून 1984 मध्ये निष्कर्ष मांडले. शिबिराला आलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोक पंथात गेलेच नाहीत आणि जे गेले त्यांतलेही बरेच लवकर बाहेर पडले. मेंदू धुण्याचं यंत्र एवढं कुचकामी असेल तर ते यंत्र नव्हे.

आता हे सगळीकडे लागू करू नका. डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि 1956 मध्ये नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मधली 21 वर्षं विचारात आणि तुलनेत गेली. जातीची अवहेलना नाकारण्यासाठी समूहाने जाणीवपूर्वक घेतलेला तो निर्णय होता, तिथे शेजारणींचं सूत्र अपुरं पडतं. लग्नासाठी बदललेला धर्म आणि जबरदस्ती हेही वेगळे प्रकार, त्यांना वेगळा परिच्छेद द्या. जबरदस्ती कुठेच होत नाही, असं मी म्हणत नाही.

मुलाखती घेणार असाल तर "का बदललात?" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, त्या धर्मातलं पहिलं ओळखीचं माणूस कोण, त्या वर्षी आजारपणात जवळ कोण होतं, घरचे किती वेळा आले. तारखा जुळवा. मग नातेवाइकांना वेगळं गाठून तेच विचारा. आमच्या काकांना विचारलंत तर ते पैशाचंच सांगतील. कावीळ झाली तेव्हा ते त्याच शहरात राहत होते आणि एकदाही फिरकले नाहीत. आणि ताईला त्या मंडळाकडून आजवर दमडी मिळालेली नाही, उलट दरमहा पगारातून तीच देते.