दुबईची कंपनी आणि सीएफसी: नवीन आर्टिकलवाल्यासाठी

भावा, आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं उदाहरण धर. कास्टिंग बनवायला ८० रुपये लागले, मालकाने ते स्वतःच्याच दुबईच्या कंपनीला ८२ ला विकलं आणि त्या कंपनीने जर्मनीला १००ला. माल मात्र बेळगावातनं थेट जर्मनीला गेला, दुबईत फक्त बिल फाटलं, म्हणजे १८ रुपये नफा कमी टॅक्सच्या देशात जाऊन बसला.

मालक अमेरिकन कंपनी असती तर तिथे १९६२पासून सीएफसी, म्हणजे आपल्या ताब्यातल्या परदेशी कंपनीचे नियम आहेत, नेमका असलाच नफा, म्हणजे घरच्याकडनं घेऊन बाहेर विकलेला, डिव्हिडंड आला नाही तरी मालकाच्या उत्पन्नात धरतात. भारतात सीएफसी नाही. २०१०च्या डायरेक्ट टॅक्स कोडमध्ये प्रस्ताव होता, तो कायदा झालाच नाही. इथे पीओईएम, म्हणजे कंपनीचा खरा कारभार कुठनं चालतो ते बघायचा नियम आहे, खरे निर्णय बेळगावात बसून होत असतील तर दुबईची कंपनीच भारतीय रहिवासी धरतात आणि तिच्या जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स.

पण वर्षाची उलाढाल ५० कोटींपर्यंत असेल तर पीओईएम लावत नाहीत, आणि नवीन पोरं इथेच फाइल बंद करतात. तसं करू नको! ट्रान्सफर प्रायसिंग, म्हणजे आपल्याच दोन कंपन्यांतला व्यवहार परक्याशी केल्यासारख्या भावाने धरायचा नियम, राहतोच की. तिथे प्रश्न एकच, दुबईवाल्याने १८ रुपयांचं काम काय केलं? गोदाम नाही, माणूस नाही, गिऱ्हाइकाशी बोलणं सगळं बेळगावच्या ईमेलवरनं, मग त्याला बिलं फाडायचे दोन-तीन रुपये मिळतील, बाकी नफा इकडे ओढतात. म्हणून आधी ईमेल आणि पगारपत्रक माग, करार नंतर वाच.