ग्लास जरा सैल धर

ताई, मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की माझा चेहरा लालबुंद होतो, काखा भिजतात आणि पाण्याचा ग्लास उचलला की हात थरथरतो. ग्लास दोन्ही हातांनी गच्च धरते, घाम झाकायला वरून जाकीट घालते, तरी काही फरक नाही. सगळ्यांना दिसतंच. काय करू?
– एक वाचक, वय २९

फरक पडतोय गं, पण उलटा. बारीक थरथर प्रत्येकाच्याच हातात असते. भीतीनं ॲड्रेनॅलिन वाढलं की ती वाढते आणि आवळलेले स्नायू त्यात भर घालतात. जाकिटानं उकडतं, म्हणजे आणखी घाम आणि आणखी लाली. शिवाय सगळं लक्ष हातावर, मग समोरचा काय बोलतोय ते ऐकणार कोण?

एखाद्या मैत्रिणीला समोर बसव, मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेव आणि तिच्याशी बोलत अर्धा ग्लास पाणी पी. आधी नेहमीसारखं, कोपरं अंगाला चिकटवून, नजर ग्लासवर ठेवून. मग बोटं सैल सोडून, तिच्याकडे बघत. व्हिडिओ बघण्याआधी दोन्ही वेळच्या थरथरीला दहापैकी गुण लिहून ठेव. मग परक्या बाईचा व्हिडिओ असल्यासारखा बघ. आत आठ वाटलेली थरथर बाहेर बहुतेकदा दोन-तीनच दिसते. पुढच्या वेळी मुद्दाम चार थेंब टेबलावर सांड, पुस आणि बोलणं चालू ठेव. हे वेडेपणाचं वाटेल, पण सांडलं तर काय होतं हे तू आजवर कधी बघितलंच नाहीस.

मग मीटिंग. जाकीट घरी, ग्लास अर्धाच भरलेला, एका हातात. कुणी विचारलंच तर ‘हो, बोलताना हात थरथरतो माझा’ एवढं म्हण आणि मुद्द्यावर ये. लालीशी मात्र झगडू नकोस. थोपवायला गेलीस की ती जास्त वेळ टिकते.

काखांसाठी डिओडरंट नको, ते फक्त वास कमी करतं. ॲल्युमिनियम क्लोराइड असलेलं अँटिपर्स्पिरंट आण. रात्री झोपताना पूर्ण कोरड्या त्वचेला लाव आणि सकाळी धू. ओलसर किंवा नुकत्याच शेव्ह केलेल्या काखेला लावलंस तर चुरचुरेल. आठवडाभर रोज लावून घाम आटोक्यात आला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

एकटी जेवतानाही हात थरथरत असेल, झोपेत घाम येत असेल किंवा वजन उगाच उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखव. थायरॉइड तपासायला हवं. थरथरीवर प्रोप्रानोलॉल नावाची गोळी देतात, पण दुसऱ्या कुणाची उसनी घेऊ नकोस. दमा असलेल्यांना ती धोक्याची आहे. आणि मीटिंगा टाळायला लागली असशील, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. वर सांगितलेला ग्लासचा प्रयोग तेही तुझ्याकडून करून घेतील, फक्त माझ्यापेक्षा नेटकेपणानं.